माळेत किती पॅनेल?

सौर पॅनेलमधला सिलिकॉनचा एक सेल, मग तो तळहाताएवढा असो वा त्याच्या दुप्पट, उन्हात ठेवला की साधारण ०.६ ते ०.७ व्होल्ट देतो. सेल मोठा केला तर त्यातून जास्त अँपिअर वाहतात, पण व्होल्ट तेवढेच राहतात. म्हणून कारखान्यातच सेल एकापुढे एक जोडून त्यांचे व्होल्ट साठवले जातात. घरांच्या छतांवर हल्ली सर्रास दिसणाऱ्या ५४० वॅटच्या पॅनेलमध्ये १४४ अर्धे सेल असतात. त्यांचे वरचे ७२ आणि खालचे ७२ असे दोन भाग समांतर जोडलेले असतात. ७२ सेलांचे व्होल्ट एकावर एक चढून पॅनेलच्या दोन टोकांवर पन्नासच्या आसपास व्होल्ट मिळतात. पॅनेल छतावर चढल्यावर वायरमन जी जोडणी करतो ती याच कामाची पुढची पायरी असते. तिथे सेलऐवजी पॅनेल असतात आणि माळ किती लांब ठेवायची हे कारखान्याऐवजी त्याला ठरवावे लागते.

शाळेच्या पुस्तकातली एकसर आणि समांतर जोडणी इथे जशीच्या तशी लागू पडते. एका पॅनेलचे धन टोक पुढच्याच्या ऋण टोकाला जोडत गेले की एकसर जोडणी होते. कामावरची माणसे तिला सिरीज म्हणतात आणि तयार झालेल्या माळेला स्ट्रिंग. माळेत व्होल्टची बेरीज होते, पण धारा सगळीकडे एकच असते. सगळी धन टोके एकत्र आणि सगळी ऋण टोके एकत्र बांधली तर ती समांतर जोडणी. तिथे अँपिअरची बेरीज होते आणि व्होल्ट एका पॅनेलइतकेच राहतात. वॅट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर, त्यामुळे दोन्ही पद्धतींनी मिळणारी शक्ती कागदावर सारखीच दिसते. तारेत मात्र ती सारखी राहत नाही.

समजा १० पॅनेल आहेत. ते एकसर जोडले तर साधारण ४१६ व्होल्टवर १३ अँपिअर वाहतात, समांतर जोडले तर ४१.६ व्होल्टवर १३० अँपिअर. छतापासून इन्व्हर्टरपर्यंत २० मीटर अंतर आणि ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल धरली, तर जाऊन-येऊन ४० मीटर तारेचा रोध सुमारे ०.२ ओहम भरतो. तेरा अँपिअरला या तारेत जेमतेम अडीच व्होल्ट गळतात, आणि चारशेसोळातले अडीच कोणाच्या लक्षातही येत नाहीत. तीच तार १३० अँपिअरला २६ व्होल्ट खाईल, म्हणजे एकेचाळीसातले निम्म्याहून जास्त. प्रत्यक्षात तेवढी वेळच येणार नाही, तार त्याआधीच जळेल. घरच्या यंत्रणेत पॅनेल आधी एकसर जोडले जातात ते यासाठी. पॅनेल समांतर जोडण्याची सवय बॅटरीच्या काळातली आहे. १२ व्होल्टची बॅटरी भरायला चौदा-साडेचौदा व्होल्ट लागतात. उन्हातली घट धरूनही तेवढे हाती यावेत म्हणून तेव्हाच्या पॅनेलमध्ये ३६ सेल असत, आणि जास्त शक्ती हवी असेल तर शेजारी तसेच दुसरे पॅनेल समांतर बसे. पॅनेलचे व्होल्ट पुढच्या यंत्राला मानवतील असे ठेवण्याचा प्रश्न तेव्हाही होता. आता यंत्र बदलले आहे आणि आकडे मोठे झाले आहेत.

वीजमंडळाच्या तारेला जोडलेल्या इन्व्हर्टरच्या तांत्रिक पत्रकात पॅनेलच्या बाजूचे चार-पाच आकडे असतात. एका नेहमीच्या ५ किलोवॅटच्या सिंगल फेज इन्व्हर्टरचे आकडे उदाहरणादाखल असे धरता येतील: जास्तीत जास्त व्होल्टेज ६००, कामाची कक्षा ९० ते ५५० व्होल्ट, सुरू होण्यासाठी १२० व्होल्ट, एमपीपीटीचे दोन भाग, आणि प्रत्येक भागाला कामाचे १५ व शॉर्ट सर्किटचे २० अँपिअर. एमपीपीटी म्हणजे माळेतून कोणत्या व्होल्टेजला सर्वाधिक वॅट निघतात ते सतत चाचपत राहणारा भाग. तो व्होल्टेज थोडे वर नेतो, थोडे खाली आणतो, आणि जिथे गुणाकार मोठा येतो तिथे थांबतो. ही चाचपणी त्याला त्या ९० ते ५५० च्या खिडकीतच करता येते. खिडकीच्या बाहेरची माळ कितीही चांगली असली तरी त्याच्या उपयोगाची नसते. सहाशेचा आकडा मात्र वेगळ्या जातीचा आहे. तो कार्यक्षमतेची मर्यादा सांगत नाही, यंत्र कुठवर तगेल ते सांगतो.

पॅनेलच्या मागच्या लेबलवरही चार आकडे असतात. Voc हे खुले व्होल्टेज, म्हणजे धारा वाहत नसताना टोकांवर मिळणारे. Vmp हे कामाचे व्होल्टेज, ज्याला सर्वाधिक शक्ती निघते. Isc ही दोन्ही टोके एकमेकांना जोडल्यावरची धारा आणि Imp ही कामाची धारा. ५४० वॅटच्या एका प्रचलित प्रकारच्या पॅनेलवर हे आकडे ४९.५ व्होल्ट, ४१.६५ व्होल्ट, १३.८५ अँपिअर आणि १२.९७ अँपिअर असे असतात. चारही आकडे प्रयोगशाळेतल्या ठरीव परिस्थितीतले आहेत. चौरस मीटरला १००० वॅट प्रकाश आणि सेलचे तापमान २५ अंश सेल्सिअस, अशी ती परिस्थिती असते. लेबल वाचणाऱ्याची गफलत बहुधा या २५ अंशांपाशीच होते.

तापमान वाढले की सेलमध्ये सुटे झालेले विद्युतभार टोकापर्यंत पोहोचण्याआधीच एकमेकांत मिसळण्याचे प्रमाण वाढते आणि व्होल्टेज उतरते. थंडीत नेमके उलट होते. या पॅनेलच्या पत्रकात खुल्या व्होल्टेजचा तापमान गुणांक अंशामागे उणे ०.२७ टक्के असा दिलेला असतो. उणे चिन्हामुळे तो उन्हाळ्याचाच आकडा वाटतो, पण तापमान पंचवीसच्या खाली गेले की तेच उणे अधिक होऊन बसते. सौर पॅनेल आणि ऊन ही जोडी मनात पक्की असल्याने सगळी काळजी मे महिन्याची केली जाते. इन्व्हर्टर मात्र जळण्याची शक्यता डिसेंबर-जानेवारीतच जास्त.

निफाडच्या परिसरातले एक घर घेऊन हा हिशेब पुरा करता येईल. नाशिक जिल्ह्याच्या या द्राक्षपट्ट्यात काही हिवाळ्यांत पारा दोन अंशांच्या आसपास उतरलेला आहे. रात्रभर उघड्या आकाशाखाली असलेले पॅनेल आपली उष्णता वर सोडत राहते, त्यामुळे पहाटे ते हवेपेक्षाही एक-दोन अंश थंड असू शकते. म्हणून हिशेबाला शून्य अंश धरणे अतिसावधपणाचे होत नाही. घरमालकाला छतावर १२ पॅनेल हवेत आणि इन्व्हर्टर वर सांगितलेला ५ किलोवॅटचा. बारा पॅनेलांचे ६.४८ किलोवॅट होतात, म्हणजे इन्व्हर्टरच्या सव्वापटीहून थोडे जास्त. पॅनेल लेबलवरची पूर्ण शक्ती क्वचितच देतात, म्हणून एवढे जास्त पॅनेल जोडायला पुष्कळ इन्व्हर्टरना परवानगी असते.

सर्वांत सोपी वाटणारी जोडणी म्हणजे बाराची एकच माळ. तारा दोनच, केबल कमी, धारा १३ अँपिअर. लेबलवरून हिशेब केला तर १२ गुणिले ४९.५ म्हणजे ५९४ व्होल्ट येतात. इन्व्हर्टरची मर्यादा ६००, म्हणजे सहा व्होल्ट शिल्लक, आणि कागदावर सगळे ठाकठीक. शून्य अंशाला तापमान पंचवीसपासून २५ अंश खाली असते. प्रत्येक अंशाला ०.२७ टक्के, म्हणजे एकूण ६.७५ टक्के वाढ. एका पॅनेलचे ४९.५ व्होल्ट ५२.८ होतात आणि बाराचे ६३४. सहाशेची हद्द ओलांडायला शून्य अंशांचीही गरज नाही. सहाशे व्होल्ट हे ५९४ पेक्षा एकच टक्का जास्त आहेत, आणि एक टक्का वाढायला पावणेचार अंश पुरतात. सेल एकवीस अंशांवर आला की मर्यादा संपली. भर उन्हात असलेल्या पॅनेलचे सेल हवेपेक्षा बरेच गरम असतात, म्हणून ही माळ एरवी महिनोन्‌महिने बिनबोभाट चालेल. थंडीतल्या एखाद्या सकाळी मात्र ती हद्दीबाहेर जाईल.

त्या सकाळी नेमके काय होते तेही पाहण्यासारखे आहे. इन्व्हर्टर काम करत असताना माळ कामाच्या व्होल्टेजवर असते, म्हणजे खुल्या व्होल्टेजच्या सुमारे चौऱ्याऐंशी टक्क्यांवर. तेव्हा धोका नसतो. धोका असतो तो माळेतून धारा वाहत नसताना, आणि अशा दोन वेळा ठरलेल्या आहेत. एक म्हणजे सूर्योदयानंतर इन्व्हर्टर चालू होण्यापूर्वीची. ऊन कमी असले तर धारा त्या प्रमाणात कमी होते, पण व्होल्टेज तसे होत नाही. एक पंचमांश उन्हातही खुले व्होल्टेज पाच टक्क्यांच्या आसपासच घटते. दुसरी वेळ जास्त वाईट. सकाळी साडेआठला चांगले ऊन आले आहे, गार वारा सुटला आहे, इन्व्हर्टर वीज देतो आहे, आणि तेवढ्यात गावाची वीज जाते. बाहेरच्या तारेवर काम करणाऱ्याला झटका बसू नये म्हणून असा इन्व्हर्टर वीज गेल्याबरोबर क्षणार्धात थांबतो. धारा थांबली की माळेचे व्होल्टेज उडी मारून खुल्या पातळीवर जाते. पूर्ण ऊन, थंड पॅनेल आणि शून्य धारा असे तिन्ही योग एकाच वेळी जुळून येतात.

मर्यादा थोडीशी ओलांडली तर बहुतेक इन्व्हर्टर जास्त व्होल्टेजची सूचना दाखवून थांबून राहतात आणि ती नोंद त्यांच्या स्मृतीत राहते. जास्त ओलांडली, किंवा थोडी थोडी रोज ओलांडली, तर आतले कपॅसिटर आणि स्विचिंगचे ट्रान्झिस्टर जातात, कारण तेही त्याच मर्यादेला धरून निवडलेले असतात. साठवलेली ती नोंद मग हमीच्या दाव्याच्या वेळी बाहेर येते. पॅनेल पाण्यासारखे भरलेले नसते की थोडे जास्त झाले तर सांडून जाईल. जास्तीचे अँपिअर इन्व्हर्टर घेण्याचे नाकारू शकतो, पण टोकांवर आलेले व्होल्ट नाकारण्याची सोय त्याच्याकडे नसते. पुढचा सगळा हिशेब या एका फरकावर उभा आहे.

अकराची माळ शून्य अंशाला ५८१ व्होल्टवर राहते. ती बसते, पण लेबलवरच्या Voc च्या आकड्याला साधारण तीन टक्क्यांची सूट लिहिलेली असते, म्हणजे प्रत्यक्ष पॅनेल तेवढे वरचढ निघू शकते. ती सगळी सूट वरच्या बाजूला गेली तर ५९८ होतात. निफाडमध्ये दहा हा निवांत आकडा आहे. मुंबईसारख्या ठिकाणी पहाटेचे तापमान सहसा दहाच्या खाली जात नाही, म्हणून तिथे अकरा आरामात बसतात. बारा मात्र तिथेही बसत नाहीत, कारण दहा अंशांनाही बारांचे ६१८ होतात. हिवाळ्यात उणे वीसपर्यंत जाणाऱ्या लेहमध्ये हेच पॅनेल ५५.५ व्होल्टवर चढते आणि अकरांचीही माळ सहाशे दहाच्या वर जाते. तेच पॅनेल, तोच इन्व्हर्टर, आणि माळेची लांबी गावागणिक वेगळी. त्यामुळे शेजारच्या जिल्ह्यात चाललेली जोडणी आपल्याकडे डोळे मिटून उचलता येत नाही.

आता खालची कड. मे महिन्यात हवा बेचाळीस अंशांवर असताना छतावरच्या पॅनेलचे सेल सत्तरच्या घरात जातात. पॅनेलच्या खाली वारा खेळायला जागा नसेल तर त्याहूनही वर. कामाच्या व्होल्टेजचा गुणांक पत्रकात बहुधा नसतो. त्याच्या जागी शक्तीचा गुणांक, अंशामागे उणे ०.३५ टक्के, धरला तर हिशेब सुरक्षित बाजूला राहतो. सत्तर अंश म्हणजे पंचविसापेक्षा ४५ अंश जास्त, म्हणजे पावणेसोळा टक्के घट. एका पॅनेलचे ४१.६५ व्होल्ट ३५.१ होतात. ही घट दहाच्या माळेला काहीच त्रास देत नाही, कारण ३५१ व्होल्ट खिडकीच्या बरोबर मध्ये येतात. घरगुती सिंगल फेज इन्व्हर्टर याच सुमाराच्या व्होल्टेजला सर्वांत कमी तोट्यात चालतात. छोट्या माळेला मात्र ही घट जड जाते.

आपल्या घराला बारा पॅनेल हवे आहेत आणि एका माळेत ते बसत नाहीत, तर दोन माळा करणे आलेच. छत पाहिल्यावर असे सुचते की मोठ्या गच्चीवर नऊ आणि जिन्याच्या खोलीवर तीन बसतील, म्हणून नऊची एक माळ आणि तीनची दुसरी. इन्व्हर्टरचे दोन भाग आहेतच. नऊची माळ उन्हाळ्यात ३१६ व्होल्टवर मजेत चालते. तीनच्या माळेला लेबलवर १२५ व्होल्ट दिसतात, पण मे महिन्याच्या दुपारी त्याचे १०५ होतात. नव्वदच्या वर आहे, म्हणजे चालेल. पण जिन्याच्या खोलीवरच पाण्याची टाकीही असते. तिची सावली संध्याकाळी एका पॅनेलवर आली की ते पॅनेल बाजूला पडते, उरलेल्या दोघांचे ७० व्होल्ट होतात आणि ती माळ खिडकीच्या बाहेर जाते. सावली एका पॅनेलवर असते आणि वीज तिघांची जाते. शिवाय ढगाळ सकाळी ही माळ सुरू होण्याच्या १२० व्होल्टपाशी घुटमळते, इन्व्हर्टर चालू होतो, बंद पडतो, पुन्हा चालू होतो. मोबाइलवरच्या आलेखात दुसऱ्या भागाची रेघ करवतीच्या दात्यांसारखी दिसू लागली की दुखणे बहुधा हेच असते.

पॅनेल बाजूला पडते ते कसे, हे समजून घेण्यासारखे आहे. एकसर माळेत धारा सगळीकडे एकच असावी लागते, आणि सावलीतले पॅनेल १३ अँपिअर देऊ शकत नाही. तसेच राहिले तर सगळी माळ त्याच्या धारेवर उतरेल, किंवा बाकीचे पॅनेल मिळून त्याच्यातून जबरदस्तीने धारा ढकलतील आणि ते सेल तापून जळतील. म्हणून पॅनेलच्या मागच्या डबीत तीन बायपास डायोड बसवलेले असतात. प्रत्येक डायोड पॅनेलचा एक तृतीयांश भाग सांभाळतो. त्या भागावर सावली पडली की धारा डायोडमधून वळसा घालून पुढे जाते. माळेची धारा टिकते, फक्त त्या भागाचे चौदा व्होल्ट कमी होतात. नऊच्या माळेला चौदा व्होल्ट ही चिल्लर असते. सावली पडणारे पॅनेल नेहमी मोठ्या माळेत ठेवावे, छोट्या माळेत नको, हा व्यवहारातला ठोकताळा यातूनच निघतो.

जुने पॅनेल वापरात आणण्याच्या मोहाचाही निकाल इथेच लागतो. घरात ३३५ वॅटचे एखादे पॅनेल पडून असते, त्याची कामाची धारा ९ अँपिअरच्या जवळपास. ते नव्या पाच पॅनेलांच्या माळेत सहावे म्हणून घातले तर काय होईल? सगळी माळ नऊ अँपिअरवर चालवली तर एकूण सुमारे २,३०० वॅट मिळतात. जुन्याला डायोडमधून बाजूला टाकून पाच नव्यांना त्यांच्या तेरा अँपिअरवर चालवले तर २,७०० मिळतात. एमपीपीटी बिचारा प्रामाणिकपणे मोठा आकडा निवडतो. मग जुने पॅनेल छतावर फक्त ऊन खात बसते आणि त्याचे डायोड दिवसभर तापत राहतात. भर घातली म्हणून वीज वाढलेली नसते.

नऊ-तीनची वाटणी नको असेल तर सात आणि पाचच्या दोन माळा करून त्या एकत्र समांतर बांधायच्या आणि इन्व्हर्टरच्या एकाच भागात न्यायच्या, असाही विचार कुणी करील. समांतर जोडणीत अट व्होल्टची असते: दोन्ही माळांना एकाच व्होल्टेजवर उभे राहावे लागते. सातची माळ २९२ व्होल्टला सर्वाधिक देते, पाचची २०८ ला. पाचच्या माळेचे खुले व्होल्टेजच २४७ आहे, त्यामुळे त्याच्या वर गेले की तिच्यातून काहीच निघत नाही. एमपीपीटी खाली उतरून दोनशेआठच्या आसपास थांबतो, आणि सातच्या माळेचे चौऱ्याऐंशी व्होल्ट वाया जातात. भर उन्हात हे नुकसान एक किलोवॅटच्या घरात जाते. दोन्ही माळांचे तोंड वेगळ्या दिशेला असेल तर समांतर जोडणीत त्याचा त्रास तुलनेने कमी होतो, कारण ऊन कमी असले तरी व्होल्टेज फारसे बदलत नाही. पॅनेलांची संख्या वेगळी असेल तर मात्र क्षमा नाही.

उरते ती सहा-सहाची वाटणी. दोन्ही माळा सारख्या, शून्य अंशाला ३१७ व्होल्ट आणि सत्तर अंशांना २१०, दोन्ही आकडे खिडकीत ऐसपैस. आता त्या कुठे जोडायच्या एवढेच राहते. दोन्ही माळा समांतर करून एकाच भागात घातल्या तर व्होल्ट जुळतील, पण अँपिअर २६ होतील आणि त्या भागाची क्षमता आहे १५. वर म्हटल्याप्रमाणे जास्तीची धारा इन्व्हर्टर नाकारू शकतो, तेव्हा पंधराच घेऊन बाकी सोडून देईल. दुपारभर आलेख सपाट माथ्याचा दिसेल आणि निम्म्याच्या जवळपास वीज वाया जाईल. शॉर्ट सर्किटच्या धारेची गोष्ट मात्र निराळी. दोन माळांची ती २७.७ अँपिअर होते आणि मर्यादा २० आहे. इन्व्हर्टरच्या आत काही बिघडले तर आतल्या तारा आणि संपर्क तेवढी धारा पेलण्यासाठी बनवलेले नसतात. म्हणून एक माळ पहिल्या भागात, दुसरी दुसऱ्या भागात, ही जोडणी. प्रत्येक भागात १३ अँपिअर जातात आणि टाकीची सावली पडली तर ज्या माळेवर पडते तिच्यापुरतीच राहते. जिन्याच्या खोलीवरचे तीन पॅनेल गच्चीवरच्या तिघांशी एकाच माळेत जोडता येतात. माळेतले पॅनेल एका छतावर असण्याची गरज नसते. त्यांचा उतार आणि दिशा सारखी असणे पुरते, आणि मधली चार-सहा मीटर तार वाढते तेवढीच.

समांतर जोडणी अजिबात नको असा याचा अर्थ नव्हे. मोठे इन्व्हर्टर एकेका भागात दोन माळा घेण्यासाठीच बनवलेले असतात आणि त्यांच्या पत्रकात तसे तीस किंवा अधिक अँपिअर लिहिलेले असतात. दोन माळांपर्यंत प्रकरण साधे राहते. तिसरी माळ आली की फ्यूज लागतो. तीनपैकी एका माळेत दोष निर्माण झाला तर उरलेल्या दोघींची धारा तिच्यात उलटी शिरू शकते. दोघींचे मिळून २७.७ अँपिअर होतात, आणि या पॅनेलच्या लेबलवर फ्यूजची कमाल मर्यादा २५ छापलेली असते. दोनच माळा असतील तर उलटी जाणारी धारा एकाच माळेची, चौदा अँपिअरच्या आत, आणि ती पॅनेलला सोसते.

जोडणी बरोबर झाली की नाही हे इन्व्हर्टरला तारा लावण्यापूर्वीच कळू शकते, आणि त्यासाठी हजार व्होल्ट डीसी मोजणारा साधा मल्टिमीटर पुरतो. आधी अपेक्षित आकडा काढावा. हिवाळ्याच्या दुपारी पॅनेलचे सेल ४५ अंशांवर असतील असे धरले तर एका पॅनेलचे खुले व्होल्टेज ४६.८ होते आणि सहाचे २८१. मीटरवर २७५ ते २८५ च्या दरम्यान काही दिसले तर माळ नीट आहे. २३४ दिसले तर एक पॅनेल माळेत आलेलेच नाही, बहुधा कनेक्टर टकटक आवाज येईपर्यंत दाबलेला नसतो किंवा मोजणीत एक पॅनेल सुटलेले असते. १८७ दिसले तर एक पॅनेल उलटे जोडले गेले आहे. ते स्वतःचे व्होल्ट देत नाही, वर आणखी एकाचे खाते, म्हणून घट दोन पॅनेलांएवढी दिसते. कारखान्यातून आलेले कनेक्टर उलटे बसत नाहीत, पण जागेवर तार कापून नवा कनेक्टर दाबताना ही चूक होते. पंधरा-सोळा व्होल्टच कमी असतील तर एखादा बायपास डायोड शॉर्ट झाला असण्याची शंका घ्यावी. दोन्ही माळा सारख्या असल्याचा फायदा इथेही मिळतो. पाच मिनिटांच्या अंतराने मोजल्यावर दोघींच्या आकड्यांत दोन-चार व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर कमी दाखवणाऱ्या माळेचे पॅनेल एकेक करून तपासावेत. मीटरचा आकडा उणे आला तर माळेची धन-ऋण टोके अदलाबदल झालेली आहेत आणि ती तशीच इन्व्हर्टरमध्ये घालता कामा नये.

हे सगळे मोजताना आणि नंतर दुरुस्तीच्या वेळी एक क्रम पाळावा लागतो. आधी इन्व्हर्टरचा एसी स्विच बंद, मग डीसी आयसोलेटर बंद, धारा शून्य झाल्याची चिमटा मीटरने खात्री, आणि त्यानंतरच कनेक्टर सोडवणे. घरातली एसी वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यातून जाते, त्यामुळे स्विच उघडताना उडालेली ठिणगी आपोआप विझते. डीसीला शून्य नाही. तीनशे व्होल्टवर तेरा अँपिअर वाहत असताना कनेक्टर ओढला तर दोन टोकांमध्ये पेटलेली कमान तशीच ताणली जाते, प्लास्टिक वितळवते आणि हातही. माळ उघडी झाल्यावरही, जोवर ऊन आहे तोवर, तिच्या टोकांवर पूर्ण व्होल्टेज असते. पॅनेल बंद करण्याचा स्विच नसतो. गडद ताडपत्री पसरून झाकणे हाच एक मार्ग, आणि तीही कडेकोट हवी, कारण फटीतून आलेल्या थोड्या उजेडालाही व्होल्ट उभे राहतात.

यंत्रणा चालू झाल्यावर इन्व्हर्टरच्या पडद्यावर दोन्ही भागांचे व्होल्ट आणि अँपिअर वेगवेगळे दिसतात. निफाडच्या या घरात मे महिन्याच्या दुपारी दोन्हीकडे दोनशेदहाच्या आसपास व्होल्ट आणि बारा-तेरा अँपिअर दिसावेत. जानेवारीतल्या स्वच्छ सकाळी अडीचशेच्या वर, आणि वीज गेलेल्या क्षणी तीनशेच्या आसपास.